डिप्रेशनच्या गोळीनंतर इच्छा होते, पण शेवट होत नाही

प्रश्न: माझे मिस्टर ३९ वर्षांचे, शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर आहेत. मागच्या दिवाळीनंतर त्यांना डिप्रेशन आणि घाबरेपणा सुरू झाला. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम १० दिली, पुढे ती २० केली. आता झोप, जेवण, कामावर जाणं सगळं रुळावर आहे. पण आमचं जवळ येणं संपल्यासारखं झालंय. आजारात त्यांना इच्छाच नव्हती. आता इच्छा होते, पण शेवट होत नाही, अर्ध्यावर सोडून उठतात. मित्र म्हणतात, असल्या गोळीनं मर्दानगी जाते. म्हणून चार दिवस गोळी बंद केली तर चक्कर आणि चिडचिड. मला वाटतं माझ्यातच काहीतरी कमी आहे. गोळी बदलता येते का? डॉक्टरांना हे सांगायचं तरी कसं?

उत्तर:

ताई, तुमच्यात काही कमी नाही. तुमचं दिसणं, वजन, लग्नाला झालेली वर्षं यांचा इथे काही संबंध नाही, आणि हे मी नुसता धीर द्यायला म्हणत नाही. तुम्ही काय आधी गेलं, काय परत आलं आणि काय नंतर गेलं याचा क्रम लिहिलाय, त्यातच ते दिसतं. बावीस वर्षं कोल्हापुरात मानसोपचाराची ओपीडी चालवतोय. या विषयात रक्ततपासणीपेक्षा हा क्रम मला जास्त सांगून जातो. गोळी बदलता येते. पण बदलायच्या आधी दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात, नाहीतर चांगली चाललेली गोळी हातची जाते आणि तक्रार तिथेच राहते.

शरीरसंबंधाच्या तीन पायऱ्या मानू. पहिली इच्छा, म्हणजे मनात येणं, ओढ वाटणं. दुसरी तयारी, म्हणजे पुरुषाला ताठरता येणं, बाईला ओलावा येणं. तिसरी शेवट, म्हणजे वीर्यपतन किंवा तृप्तीचा क्षण. लोक तिन्हीला मिळून ‘कमजोरी’ म्हणतात आणि तिथेच सगळा घोळ होतो. कारण डिप्रेशन, चिंता आणि गोळी या तिघी वेगवेगळ्या पायरीवर घाव घालतात.

डिप्रेशनचा घाव पहिल्या पायरीवर. या आजारात माणसाला कशातच गोडी उरत नाही. तांबडा रस्सा पुढे ठेवला तरी चव लागत नाही, पोराचं प्रगतिपुस्तक बघावंसं वाटत नाही. मेंदूत ‘हे हवंय’ म्हणणारी जी यंत्रणा आहे, डोपामाइनवर चालणारी, तीच मंदावलेली असते. मग बायकोची ओढ तेवढी शाबूत कशी राहील? म्हणून गोळीचा एक दाणाही पोटात जायच्या आधीच डिप्रेशनच्या निम्म्याच्या आसपास रुग्णांची इच्छा कमी झालेली असते. घरच्यांना मात्र ते दिसतं गोळी सुरू झाल्यावर, कारण तेव्हा कुठे ते बघायची उसंत मिळते.

चिंतेचा घाव मुख्यतः दुसऱ्या पायरीवर. ताठरता यायला शरीर सैल, निवांत असावं लागतं. भीतीत शरीर पळायच्या तयारीत असतं, छाती धडधडते, रक्त हातापायांकडे जातं. त्यात एकदा जमलं नाही की पुढच्या वेळी माणूस संबंधात नसतोच, तो बाजूला उभा राहून स्वतःची परीक्षा घेत असतो: आलं का, टिकतंय का, गेलं का. परीक्षा सुरू झाली की ताठरता गेलीच म्हणून समजा. इथे एक साधी खूण आहे. पहाटे झोपेतून उठताना ताठरता येत असेल तर नसा आणि रक्तवाहिन्या बहुधा ठीक आहेत, अडचण जागेपणीच्या मनात आहे. पहाटेचीही गेली असेल तर साखर, रक्तदाब, हार्मोन यांच्याकडे वळायचं.

आता गोळी. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुऑक्सेटीन, पॅरॉक्सेटीन ही सगळी एकाच घराण्यातली औषधं, सेरोटोनिन वाढवणारी. सेरोटोनिन वाढलं की मनाची आग शमते, पण तेच सेरोटोनिन मेंदूत आणि मणक्यात वीर्यपतनाच्या प्रतिक्रियेला ब्रेक लावतं. डोपामाइनलाही थोडं दाबतं, त्यामुळे काहींची इच्छाही उतरते. पण या गोळ्यांची ठळक सही तिसऱ्या पायरीवर असते: उशीर होणं किंवा शेवट न होणं. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की ज्यांचं वीर्यपतन फार लवकर होतं त्यांना आम्ही याच घराण्यातली औषधं मुद्दाम देतो. डॅपॉक्सेटीन तर त्याच कामासाठी दिलं जातं. एकाची तक्रार ती दुसऱ्याची चिठ्ठी.

शिवाय हा परिणाम लवकर येतो, पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच, आणि मन बरं व्हायला चार-सहा आठवडे लागतात. म्हणजे आधी तोटा दिसतो, मग फायदा. या मधल्या काळातच पुष्कळ जण गोळी गुपचूप सोडतात. ‘मला गोळी सूट होईना’ एवढंच सांगतात आणि खरं कारण पोटात ठेवतात. स्पेनमधल्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये ३४४ रुग्णांची पाहणी छापली होती. आपणहून तक्रार सांगणारे १४ टक्के निघाले, डॉक्टरांनी थेट विचारल्यावर तोच आकडा ५८ टक्क्यांवर गेला. तिथे हे, तर आपल्याकडे सासूबाई सोबत आत आलेल्या असताना कोण तोंड उघडणार! म्हणून मी आता प्रत्येकाला एकट्याला दोन मिनिटं आत घेतो आणि गोळी लिहायच्या आधीच विचारतो. आधीचं माहीत नसेल तर नंतरचं कशाशी ताडून बघणार?

तुमच्या मिस्टरांच्या फार जवळचं एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, औषधांचा क्रम मात्र तोच ठेवलाय.

बेचाळीस वर्षांचे गृहस्थ, लेथ मशीनवर काम. तरुणपणी तालमीत जायचे, लंगोटाचे पक्के म्हणून गल्लीत नाव. कर्जाच्या हप्त्यांवरून सुरू झालेलं डिप्रेशन, पहाटे चारला जाग, छातीत धडधड. पहिल्याच भेटीत मी त्यांच्याकडून अ‍ॅसेक्स नावाची पाच प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. इच्छा किती, उत्तेजना किती सहज, ताठरता कशी, शेवटापर्यंत पोचता का, समाधान होतं का. प्रत्येकाला १ ते ६ गुण. १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे नाहीच. बेरीज १९ किंवा जास्त आली तर त्रास नक्की आहे असं धरतात. त्यांचे गुण आले ६, ५, ४, ३, ४. बेरीज २२.

एस्सिटालोप्राम १० सुरू केली, तीन आठवड्यांनी २०. दहाव्या आठवड्यात माणूस खुलला होता, पण मान खाली घालून म्हणाला, “डॉक्टर, गाडी सुटतीया, पर स्टँडला पोचतच न्हाई.” पुन्हा प्रश्नावली भरली: ४, ३, ३, ६, ५. बेरीज २१.

नुसती बेरीज बघणारा म्हणेल, २२ होते, २१ झाले, काहीच फरक नाही. पण आकडे सुटे वाचा. आधी पहिला आकडा ६ होता आणि चौथा ३. आता पहिला ४ आणि चौथा ६. आजार पहिल्या पायरीवरून उतरला होता आणि गोळी तिसऱ्या पायरीवर बसली होती. तुम्ही लिहिलेली गोष्ट अक्षरशः हीच आहे.

तरी इच्छेचा आकडा ४ वर का अडकला, हे मला खटकलं. मन बरं झालंय तर इच्छा आणखी यायला हवी. पिशवीतली सगळी औषधं टेबलावर ओता म्हटलं. त्यात पित्ताची कॅप्सूल निघाली, दोन वर्षं मेडिकलमधून आणून रोज घेत होते. पाकिटावर बारीक अक्षरांत दोन औषधं होती, एक अ‍ॅसिडिटीचं आणि दुसरं लेव्होसल्पिराइड. हे दुसरं औषध प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन वाढवतं. बाळाला पाजणाऱ्या आईत जे जास्त असतं तेच हे हार्मोन. पुरुषात ते वाढलं की इच्छा आणि ताठरता दोन्ही खाली येतात. तपासलं तर प्रोलॅक्टिन ४१ आलं, पुरुषात ते साधारण १५ ते २० च्या आत असायला हवं. सोबत थायरॉइड, उपाशीपोटीची साखर आणि सकाळी नऊच्या आत घेतलेलं टेस्टोस्टेरॉन पाहिलं, ते ठीक होतं. कॅप्सूल बंद करून साधी अ‍ॅसिडिटीची गोळी दिली. महिन्याभरात प्रोलॅक्टिन ९ वर आणि इच्छेचा आकडा २ वर. गंमत म्हणजे या दोन वर्षांत त्यांनी ‘शक्ती’च्या पुड्यांवर बराच पैसा घालवला होता, आणि इच्छा मारणारं औषध पित्ताच्या पाकिटात बसलेलं होतं. तुमच्याही घरातली पिशवी ओतून बघा. रक्तदाबाची किंवा धडधडीची प्रोप्रॅनोलॉलसारखी जुनी गोळी, रोजची दारू, रात्रीची क्लोनाझेपाम, सगळं कागदावर लिहा.

चौथा आकडा मात्र ६ वरच होता. तो गोळीचाच होता, आणि इथून खरं काम सुरू झालं.

पहिला उपाय वाट बघणं. काहींचं शरीर गोळीला सरावतं आणि सहा महिन्यांत त्रास आपोआप निवतो. पण असे थोडे, दहातला एखादा. उशीर थोडासाच असेल तर मी थांबायला सांगतो. शेवट अजिबात होत नसेल तर थांबून उपयोग होताना मी फारसा पाहिलेला नाही.

दुसरा उपाय डोस कमी करणं. हा परिणाम डोसप्रमाणे वाढतो, म्हणून २० वरून १५ केलं. चार आठवड्यांनी चौथा आकडा ५ झाला. कधीतरी, पाऊण तास गेल्यावर, दमछाक होऊन. मग १० वर आलो. दहाव्या दिवशी पहाटे चारची जाग परत आली. म्हणजे या माणसाच्या आजाराला १५ च्या खालचा डोस पुरत नव्हता. असं झालं की मी हट्ट करत नाही. डिप्रेशन उलटलं तर पहिली पायरीच पुन्हा कोसळते, मग तिसरी सुधारून काय करायचं? परत १५ वर नेलं आणि औषध बदलायचं ठरवलं.

इथे पर्याय सुटसुटीत सांगतो. स्पेनच्याच २००१ सालच्या मोठ्या पाहणीत १०२२ रुग्ण होते. पॅरॉक्सेटीनवर साधारण ७१ टक्क्यांना लैंगिक तक्रार होती, मिर्टाझापीनवर २४ टक्क्यांना. एवढा फरक औषधा-औषधांत असतो. मात्र एस्सिटालोप्राम सोडून सर्ट्रालीन किंवा डेसव्हेनलाफॅक्सिन घेणं म्हणजे केएमटीची एक बस सोडून त्याच मार्गावरची दुसरी पकडणं. कधी थोडा फरक पडतो, बहुतेकदा नाही. घराणंच बदलावं लागतं.

मिर्टाझापीन रात्री घ्यायची. झोप छान येते, तिसऱ्या पायरीला फारसा धक्का लागत नाही. पण भूक अशी खवळते की दोन-तीन महिन्यांत पाच-सहा किलो वाढलेले रुग्ण मी पाहिलेत. साखरेचा त्रास असणाऱ्याला ती देताना मी दोनदा विचार करतो, हडकलेल्या आणि न झोपणाऱ्याला आनंदाने देतो. ब्युप्रोपिऑन डोपामाइनच्या बाजूने काम करते, त्यामुळे लैंगिकदृष्ट्या सगळ्यांत स्वच्छ. ती एकटी देता येते किंवा आधीच्या गोळीवर सकाळी १५० ची भर म्हणूनही. पण ज्याचा आजार मुळात घबराटीचा आहे त्याची धडधड आणि निद्रानाश ती वाढवू शकते, आणि फिट्सचा इतिहास असेल किंवा माणूस जबर पिणारा असून अचानक दारू सोडत असेल तर ती नकोच. अ‍ॅगोमेलॅटीन २५ रात्री, लैंगिक त्रास कमी, पण यकृताच्या तपासण्या सुरुवातीला आणि नंतर ठरलेल्या अंतराने कराव्याच लागतात. कावीळ होऊन गेलेल्याला किंवा रोज पिणाऱ्याला मी ती देत नाही.

राहिली व्हॉर्टिऑक्सेटीन. तीही सेरोटोनिनचीच, पण सेरोटोनिनच्या काही वेगळ्या कळाही दाबते, त्यामुळे ५ आणि १० च्या डोसला तिसरी पायरी बरीच सुटी राहते. एस्सिटालोप्रामने लैंगिक त्रास झालेल्या रुग्णांना व्हॉर्टिऑक्सेटीनवर नेऊन केलेल्या अभ्यासातही ती सरस ठरली. २० पर्यंत नेली तर हा फायदा आटतो. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, आणि खर्च एस्सिटालोप्रामपेक्षा जास्त. निव्वळ चिंतारोग असेल तर माझा पहिला हात तिच्याकडे जात नाही, डिप्रेशन मुख्य असेल तर जातो.

या गृहस्थांना फिट्स नव्हत्या, पण घबराट होती, म्हणून ब्युप्रोपिऑन मागे ठेवली. पोट आधीच सुटलेलं, वडिलांना साखर, म्हणून मिर्टाझापीन नको. शनिवारची बाटली ठरलेली, म्हणून अ‍ॅगोमेलॅटीन नको. व्हॉर्टिऑक्सेटीन निवडली. एक आठवडा एस्सिटालोप्राम १० आणि व्हॉर्टिऑक्सेटीन ५ जेवणानंतर. पुढचा आठवडा एस्सिटालोप्राम ५ आणि नवी १०. मग जुनी बंद. बंद केल्यावर तीन दिवस डोकं हललं की विजेचा झटका बसल्यासारखं झालं, पण ते अपेक्षित होतं आणि आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरले नाहीत. महिन्याभराने १५ केली. हे वेळापत्रक त्यांचं होतं, ते पाहून घरी कुणी गोळ्या कापू नयेत. दोन्ही औषधं सेरोटोनिनची असल्याने एकत्र असताना थरथर, ताप, जुलाब, प्रचंड अस्वस्थपणा असं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जावं लागतं, आणि हे बघायला डॉक्टर हवाच.

सहाव्या आठवड्यात ‘गाडी स्टँडला पोचली’. पण लगेचच दुसरी अडचण उभी राहिली. दोनदा ताठरताच मध्येच गेली. बिचारे म्हणाले, ही गोळी तर त्याहून वाईट. मी विचारलं, पहाटे येते का? येते म्हणाले. मग गोळी निर्दोष. चार महिन्यांच्या अपयशाने त्यांच्या मनात घड्याळ बसलं होतं. किती मिनिटं झाली, आता होईल का, की परत तसंच. ही दुसऱ्या पायरीवरची चिंता, ती औषध बदलून जात नाही.

त्यांच्या मिसेसना बोलावून घेतलं. तुमच्यासारखीच त्यांचीही समजूत होती, ‘ह्यांचं माझ्यावरचं मन उडालं’. त्यामुळे त्या दर वेळी चेहरा वाचत होत्या आणि हे गृहस्थ त्यांचा चेहरा वाचत होते. दोघंही परीक्षक, परीक्षेला कुणीच नाही. तीन आठवडे संबंध पूर्ण बंद, असा नियम घातला. फक्त जवळ बसणं, पाठ, हात, केस, अंगावरून हात फिरवणं, कपड्यांसह आणि मग कपड्यांशिवाय, पण शेवटापर्यंत जायचं नाही. जायचंच नाही म्हटल्यावर घड्याळ बघायचं कारण उरत नाही. त्यांच्या तीन खोल्यांच्या घरात मधल्या खोलीत आईवडील आणि यांच्या अंथरुणात सात वर्षांचा मुलगा, ही अडचण मला कुठल्याही पुस्तकाने शिकवली नव्हती. शेवटी सुट्टीच्या दिवशी दुपारी मुलगा मामाकडे, असा तह झाला. एक-दोनदा आधाराला सिल्डेनाफिल ५० दिली, ईसीजी आणि रक्तदाब पाहून. ती तासभर आधी घ्यायची, तिने इच्छा होत नाही, नुसती तयारी टिकते. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट घेणाऱ्याने सिल्डेनाफिलला हातही लावू नये, रक्तदाब धोकादायक कोसळतो. मेडिकलमधून मित्राच्या सांगण्यावरून आणली जाते, म्हणून हे ठासून सांगतो.

बदलानंतर चौथ्या महिन्यात गुण आले २, २, ३, ३, २. बेरीज १२. ताठरतेचा ३ हा वयाचा आणि शनिवारच्या बाटलीचा, तो तसाच राहिला.

तालमीचा विषय राहिला. वीर्य बाहेर न आल्यामुळे ते ‘अडकून डोक्यात चढतंय’, अशी भीती त्यांना होती, आणि आलं तर अंगातली ताकद जाईल अशी उलटी भीतीही लहानपणापासून होतीच. शेवट न झाल्याने साठून काही बिघडत नाही, शरीर ते जिरवतं. आणि वीर्य गेल्याने कुस्तीची ताकद जाते हेही खरं नाही. आखाड्यात ब्रह्मचर्याचा नियम शिस्तीसाठी असेल तर असो, पण शरीरशास्त्र त्याच्या बाजूने उभं राहत नाही. ‘मर्दानगी जाते’ म्हणणाऱ्या मित्रांना एवढं सांगा: गोळीमुळे वीर्यपतनाला उशीर होतो, आणि बहुतेकांत गोळी कमी केल्यावर किंवा बदलल्यावर ते जागेवर येतं. बहुतेकांत म्हणालो, सगळ्यांत नाही. फार थोड्या लोकांत गोळी सोडल्यावरही त्रास रेंगाळल्याची नोंद आहे, आणि युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये माहितीपत्रकात तसं लिहायला सांगितलं. मी हे रुग्णापासून लपवत नाही. पण त्याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात उपचाराविना चाललेलं डिप्रेशन असतं, तेही सांगतो.

मिस्टरांनी चार दिवस गोळी बंद केली त्याबद्दल. एस्सिटालोप्रामची रक्तातली मात्रा साधारण ३० तासांत निम्मी होते, म्हणून चार दिवसांत ती जवळजवळ संपते. चक्कर, चिडचिड, डोक्यात झटके ही गोळी अचानक सुटल्याची लक्षणं होती, गोळीचं व्यसन लागल्याची नाहीत. शनिवार-रविवार गोळी टाळायची ही युक्ती काहींनी अभ्यासली आहे. सर्ट्रालीन आणि पॅरॉक्सेटीनवर काही जणांना तिचा उपयोग झाला, फ्लुऑक्सेटीनवर नाही, कारण ती अंगात कित्येक आठवडे मुरलेली असते. पण मी ही युक्ती सुचवत नाही. दर आठवड्याला झटके सोसायचे, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘गोळी टाळली की बरं वाटतं’ हा धडा माणूस शिकतो. मग एका सोमवारी तो गोळी परत सुरू करतच नाही.

बायकांचं इथे वेगळं सांगायला हवं, कारण त्या येतच नाहीत. त्यांचीही तिसरी पायरी याच गोळ्यांनी अडते, ओलावा कमी होऊन दुखतं, आणि दुखतं म्हणून टाळलं की ‘हिची इच्छाच मेली’ असं घरात ठरतं. चार वर्षं पॅरॉक्सेटीनवर असलेल्या एक शिक्षिका मला म्हणाल्या होत्या, “मला वाटलं, चाळिशी झाली की असंच असतं.” औषध बदलल्यावर दोन महिन्यांत त्या थोड्या रागावूनच आल्या, इतकी वर्षं कुणी विचारलं का नाही म्हणून. राग रास्त होता. तुम्ही मिस्टरांबद्दल लिहिलंत, उद्या तुमच्यावर हीच वेळ आली तर स्वतःबद्दलही लिहा.

डॉक्टरांना सांगायचं असं. पुढच्या भेटीला दोघं जा आणि केस पेपर पुढे करताना मिस्टरांनी एवढंच म्हणावं: “मन ८० टक्के बरं आहे. आजारात इच्छा नव्हती, आता आहे. २० ची गोळी झाल्यापासून वीर्यपतन होत नाही. पहाटे ताठरता येते.” येत नसेल तर तेही तसंच सांगावं. तोंडातून निघत नसेल तर चिठ्ठीवर लिहून फाइलमध्ये ठेवावं, आम्ही वाचतो. सोबत सगळ्या औषधांची पाकिटं, पित्ताचीसुद्धा. २० वरून किती आणि कधी खाली यायचं, की थेट घराणं बदलायचं, हे त्यांनी ठरवावं, कारण आधी किती तीव्र आजार होता हे त्यांनी पाहिलंय. आजार पहिल्यांदाच झाला असेल तर बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचं असतं, त्यामुळे आत्ता बंद करण्याची नव्हे, बदलाची बोलणी करा.

गोळी कमी करताना किंवा बदलताना पहिल्या सहा आठवड्यांत पहाटेची जाग, जेवणावरची वासना उडणं, ‘मी नसतो तर बरं’ असली भाषा, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. रात्री-अपरात्री कुणी भेटत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आणि तोवर घरी एक करा: महिनाभर शेवटाची अट काढून टाका. त्यांना सांगा, झालं नाही तरी उठून जायचं नाही, शेजारी पडून राहायचं.